बर्नरचा पायलट धरतो, मेन धरत नाही. पायलट कायम चालू ठेवता येईल का?

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं प्रोसेस हाउस आहे, टॉवेलची धुलाई-रंगाई होते. दोन टनांचा थ्री पास स्टीम बॉयलर आहे, एलपीजीवर चालतो. मी मेंटेनन्स बघतो. शिक्षण आयटीआय इलेक्ट्रिशियन, बर्नरचं जे येतं ते हाताखाली राहून आलेलं.

महिनाभर झाला, बर्नर सुरू होताना त्रास देतोय. ब्लोअर सुरू होतो, तीस सेकंद पर्ज होतो, स्पार्क येतो, पॅनलवर पायलटचा हिरवा दिवा लागतो. मग मेन वाल्व उघडतो आणि दहा वेळांपैकी सहा वेळा काही सेकंदांत फ्लेम फेल होऊन लॉकआउट. कधी कधी धरतो, पण धरताना 'धप्प' असा दणका बसतो, समोरचं दार हादरतं. रात्रपाळीचा अटेंडंट म्हणतो तीन-चार वेळा रिसेट मारला की धरतो.

मालकांचं म्हणणं, मेन लागला की पायलट बंद होतो म्हणून ही भानगड. पायलट कायम चालू ठेवला तर ट्रिप व्हायचा प्रश्नच येणार नाही. वायरिंग मी करू शकतो. फक्त पायलटच्या वाल्वला सप्लाय चालू ठेवायचा की आणखी काही बदलावं लागेल? ऑर्डर अंगावर आहे, सकाळी सहाला स्टीम लागते.

पाना_पक्कड
यूव्ही सेल गेलाय, डोळे झाकून बदला. पायलट दिसतो आणि मेन दिसत नाही म्हणजे सेल कमजोर झालाय. आमच्याकडे हेच झालं होतं. नवा येईपर्यंत काच पुसून घ्या, आणि पॅनलमध्ये फ्लेम फेलचा डिले असतो तो वाढवा. आम्ही दहा सेकंद ठेवलाय, तेव्हापासून एकदाही फुकटची ट्रिप नाही.

मळी_बगॅस
माझ्या मते ड्राफ्टचा प्रॉब्लेम आहे. आयडी फॅनचा डॅम्पर बघा. आमच्या कारखान्यात सीझन सुरू करताना फर्नेस पॉझिटिव्ह गेली की असाच दणका येतो, दारातून राख अंगावर. पर्ज-बिर्ज आमच्याकडे कोणी सेकंद मोजून करत नाही, लाकडं पेटवायची आणि हळूहळू बगॅस सोडायचा.

टॉवेलवाला_सोलापूर
मळी साहेब, आमच्याकडे आयडी फॅन नाही. बर्नरचा एकच ब्लोअर, तोच हवा ढकलतो.

जुना_कमिशनिंगवाला
टॉवेलवाले, पायलट कायम चालू ठेवायचं काम आज करू नका. उद्याही करू नका. कारण आधी सांगतो.

तुमचा यूव्ही सेल एकच आहे. तो पायलटची ज्योतही बघतो आणि मेनचीही, त्याला दोघींतला फरक कळत नाही. म्हणून मेन लागल्यावर काही सेकंदांत पायलट बंद करतात, म्हणजे सेलसमोर फक्त मेन उरते. पायलट चालू ठेवलात तर मेन विझली तरी सेल पायलट बघून 'सगळं ठीक' म्हणत राहणार आणि मेनचा गॅस भट्टीत सुटत राहणार. ट्रिप थांबेल हे मालकांचं बरोबर आहे. पण ती ज्या कारणासाठी असते तेच कारण बंद पडेल.

आता मूळ दुखणं. तुम्ही लिहिलंय 'पायलट धरतो'. हे कशावरून? डोळ्यांनी ज्योत बघितली की पॅनलवरचा हिरवा दिवा बघितला?

दुसरं, हे पॅनल बर्नरसोबत आलेलं मूळ आहे की नंतर कोणी बनवलंय?

टॉवेलवाला_सोलापूर
दिवा बघितला. पायलट बघायला बाजूच्या झरोक्यात डोकवावं लागतं, तिथं कधी गेलो नाही.

मूळ कंट्रोलर तीन वर्षांपूर्वी जळाला. नवा महाग आणि यायला उशीर, म्हणून इथल्याच एका पॅनलवाल्याकडून छोटा पीएलसी बसवून घेतला. फ्लेम रिले वेगळा आहे, यूव्हीची वायर त्यात जाते आणि त्याचा कॉन्टॅक्ट पीएलसीला. डिस्प्लेवर टायमर दिसतात ते उतरवून टाकतो:

```
T3 PURGE          30.0 s
T5 PILOT TRIAL    10.0 s
T6 MAIN TRIAL      8.0 s
T7 FLAME FAIL DLY  8.0 s
```

रात्रपाळी
मी ह्याच बॉयलरवर हाय. भाऊनी लिंक पाठवली म्हणून वाचालोय. सगळे म्हनतेत अटेंडंट रिसेट मारतो. मारतो की ओ, सहाला स्टीम नाय दिली तर बोलनी कोन खातंय?

पन एक सांगतो. झरोक्यातनं मी रोज बघतो. ठिणगी निळी तडतडताना दिसती, पायलट लागलेला मला तरी दिसला नाय महिन्याभरात. आधी पिवळसर जिभेवानी दिसायचा. आनि तरी पॅनलवर हिरवा लागतोय. मला वाटलं दिव्याचाच काही तरी घोळ आसंल.

जुना_कमिशनिंगवाला
रात्रपाळी अण्णा, अख्ख्या धाग्यात कामाची गोष्ट तुम्हीच लिहिलीत.

पायलट लागत नसताना हिरवा दिवा लागतोय, म्हणजे सेल ठिणगी बघतोय. इग्निशनच्या ठिणगीत अल्ट्राव्हायोलेट भरपूर असतं आणि यूव्ही ट्यूबला त्यातलं आणि ज्योतीतलं वेगळं ओळखता येत नाही. पाना_पक्कड, सेलवर संशय घेतलात ते बरोबर, पण तो कमजोर नाही. नको ते बघतोय.

मूळ कंट्रोलरमध्ये याची सोय असते. पायलट ट्रायल दहा सेकंदांची असेल तर स्पार्क साधारण अर्ध्यावर बंद होतो. उरलेले सेकंद सेलसमोर फक्त पायलट असतो, आणि तेवढा वेळ सिग्नल टिकला तरच मेन उघडतो. त्यालाच पायलट सिद्ध झाला म्हणायचं. तुमच्या पीएलसीत माझ्या अंदाजाने स्पार्क T5 आणि T6 दोन्हीभर चालू आहे. मग घडतं ते असं: ठिणगी पडली, सेलला ती ज्योत वाटली, मेन उघडला. खरा पायलट नाहीच. मेनचा गॅस ठिणगीजवळ आपसूक पोचला तर उशिरा पेटतो, तोच तुमचा धप्प. नाही पोचला तर T6 संपून स्पार्क बंद होतो, सेलला अंधार दिसतो आणि लॉकआउट.

अंदाज खरा की खोटा ते असं तपासा. आधी दोन्ही शटऑफ वाल्वच्या पुढचा, बर्नरला लागून असलेला मेनचा हाताचा कॉक बंद. पायलट लाइनचा कॉकही बंद. म्हणजे भट्टीत गॅसचा थेंब जाणार नाही. मग नेहमीसारखा स्टार्ट द्या. निरोगी सिस्टीमने पायलट ट्रायल संपताच लॉकआउट घेतलं पाहिजे. तुमच्याकडे हिरवा दिवा लागला आणि मेन वाल्वला सप्लाय गेला, तर आणखी पुरावा नको. फ्लेम रिलेला मीटर लावायचे सॉकेट असतात, तिथला व्होल्टही लिहून घ्या, स्पार्क असताना आणि नसताना.

कॉक नीट बंद होत नसतील तर ही टेस्ट करू नका, आधी ते बदला.

पाना_पक्कड
म्हणजे सेल नवा घ्यायची गरज नाही? मी उगाच खर्चात पाडत होतो की काय त्यांना.

जुना_कमिशनिंगवाला
नवा सेलही ठिणगी तितक्याच उत्साहाने बघेल. किंबहुना जास्तच.

टॉवेलवाला_सोलापूर
आज दुपारच्या शटडाउनमध्ये टेस्ट केली. दोन्ही कॉक बंद.

स्पार्क चालू झाला, दीड-दोन सेकंदांत हिरवा दिवा. मीटरवर 2.1 व्होल्ट. रिलेच्या पुस्तकात कमीत कमी 1.25 लागतात असं आहे, म्हणजे नुसत्या ठिणगीवर पास. T5 संपला आणि मेन वाल्व खटकन उघडला. गॅस नव्हता म्हणून बरं. T6 संपून स्पार्क बंद झाला तसा मीटर शून्य, मग लॉकआउट.

अंगावर काटा आला राव. महिनाभर आम्ही हेच करत होतो, तेही गॅस चालू ठेवून.

मग पायलट असेम्ब्ली उतरवली. पायलटच्या हवेची जाळी पूर्ण बुजलेली. टॉवेलचा कापूस उडतो ना, त्याचा नमद्यासारखा थर, नखाने सोलून काढला. खाली बॉयलर रूमला लागूनच आमचा ड्रायर आहे. नोझलच्या भोकातही तेलकट काळं काहीतरी होतं, बारीक तारेने निघालं.

रात्रपाळी
ड्रायरचं दार उघडं ठेवतेत म्हनून मी दोनदा बोललोय सुपरवायझरला.

जुना_कमिशनिंगवाला
एलपीजीत शेवटी शेवटी जड तेलकट गाळ राहतो, तो नोझलमध्ये बसतो. तार मात्र पितळेच्या भोकात फिरवू नका, भोक मोठं होतं आणि पायलटचं गणित बिघडतं. सॉल्व्हंट आणि हवेचा झोत वापरा.

आता पुढचा मुद्दा, आणि मला याचीच जास्त काळजी आहे. इतके दिवस इतके रिसेट मारूनही दार जागेवर राहिलं याचं श्रेय नशिबाला आहे की पर्जला, ते बघायचंय. पर्ज चालू असताना एअर डॅम्पर कुठे असतो? पूर्ण उघडतो का?

टॉवेलवाला_सोलापूर
सर्व्हो मोटर पर्जच्या वेळी हलत नाही. डॅम्पर लो फायरलाच असतो, चौथाई उघडा असेल. मला वाटलं तसंच असतं. पॅनलमध्ये बघितलं तर डॅम्परच्या 'पूर्ण उघडा' स्विचच्या दोन टर्मिनलवर लाल वायरचा लूप मारलाय. कोणी मारला माहीत नाही, नंबरची चिठ्ठीसुद्धा नाही. स्विच उघडून बघितला तर त्याचा लिव्हर मोडलेला.

जुना_कमिशनिंगवाला
वाटलंच. जरा हिशोब करू, ढोबळच.

दोन टनांच्या अशा बॉयलरची भट्टीची नळी समजा 80 सेंटिमीटर व्यासाची आणि तीन मीटर लांब. तिचं पोट दीड घनमीटर. धुराच्या नळ्या आणि पुढचे-मागचे डबे धरून आणखी दीड. एकूण तीन घनमीटर. अमेरिकन एनएफपीए 85 या सुरक्षा नियमावलीत फायर ट्यूब बॉयलरला किमान चार वेळा आतली हवा बदला असं आहे, वॉटर ट्यूबला आठ वेळा, आणि हवेचा प्रवाह पूर्ण फायरच्या निदान 70 टक्के. म्हणजे तुम्हाला बारा घनमीटर हवा आरपार जायला हवी.

पूर्ण फायरला हा बर्नर ताशी सव्वाशे किलोच्या आसपास एलपीजी खाईल आणि त्याला ताशी साधारण 1900 घनमीटर हवा लागेल. डॅम्पर पूर्ण उघडा असेल तर तीस सेकंदांत जवळपास सोळा घनमीटर जातात, पाच बदल. छान. डॅम्पर चौथाईला असेल तर त्याच तीस सेकंदांत चार घनमीटर. सव्वा बदल.

आता सव्वा आणि चार यांत फरक केवढा? हवा आत नीट मिसळते असं धरलं तर चार बदलांनंतर आधीच्या गॅसचा शंभरात दोनच भाग उरतो. सव्वा बदलानंतर चौथ्या हिश्शाहून अधिक उरतो. आणि ते 'नीट मिसळते' हे धरलेलं आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, मागच्या डब्याच्या तळाशी बसला तर मंद हवा त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

दुसरी बाजू बघा. न पेटलेल्या एका मेन ट्रायलमध्ये लो फायरचा ताशी तीस किलोचा गॅस आठ सेकंद सुटतो, म्हणजे 67 ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तो त्याच आठ सेकंदांतल्या एक घनमीटर हवेत मिसळून साधारण तीन टक्के होतो, आणि एलपीजी दोन ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान पेट घेतो. म्हणजे पहिल्याच अपयशानंतर भट्टीच्या नळीच्या दोन तृतीयांश भागात तयार दारू भरलेली असते. त्यावर रिसेट, सव्वा बदलाचा पर्ज, पुन्हा ठिणगी. चौथ्या रिसेटला 'धरतो' तो बर्नर नसतो, कधी कधी साठलेला गॅस असतो.

रात्रपाळी अण्णा, हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. रिसेट बटण कितीही वेळा चालतं अशी व्यवस्था ज्याने ठेवली त्याचा दोष.

वैदेही_इन्स्ट्रु
एक भर घालते. डॅम्परचा स्विच नवा बसवाल तेव्हा फक्त 'उघडा' ही खूण बघून भागणार नाही, कारण लूप मारला की ती खूण कायमचीच असते. लॉजिकमध्ये असं ठेवा: स्टार्टच्या क्षणी 'पूर्ण उघडा' ही खूण आधीच दिसत असेल तर सुरूच होऊ नये. डॅम्पर लो फायरला आहे आणि उघडा पण दाखवतोय, हे एकत्र शक्य नाही. एअर प्रेशर स्विचलाही हाच नियम. ब्लोअर बंद असताना तो 'हवा आहे' म्हणत असेल तर कोणीतरी शॉर्ट केलाय किंवा तो चिकटलाय. आणि फ्लेम रिलेलाही. पर्जमध्येच ज्योत दिसत असेल तर पुढे जायचं नाही.

बाकी मुळातली गोष्ट. साध्या पीएलसीवर बर्नर चालवणं मला मान्यच नाही. त्याचं आउटपुट चिकटलं तर मेन वाल्व उघडा राहतो आणि प्रोग्रॅमला ते कळतसुद्धा नाही. प्रमाणित बर्नर कंट्रोलरच घ्या.

जुना_कमिशनिंगवाला
वैदेहीताई, पहिला परिच्छेद शंभर टक्के. दुसऱ्यावर माझं थोडं वेगळं मत आहे. लिमिट, पाण्याची लेव्हल, इमर्जन्सी स्टॉप आणि फ्लेम रिलेचा कॉन्टॅक्ट हे सगळं वाल्वच्या सप्लायमध्येच सिरीजला हार्डवायर असेल, तर पीएलसी चिकटला तरी वाल्व पडतो. अशी पॅनल्स मी वर्षानुवर्षं नीट चाललेली पाहिली आहेत.

वैदेही_इन्स्ट्रु
फ्लेम रिलेचा कॉन्टॅक्ट सिरीजला घेतला तर ट्रायलच्या वेळी त्याला बायपास लागतोच ना? ज्योत यायच्या आधी वाल्व उघडायचाय. तो बायपास कोण देणार? पीएलसीच. म्हणजे फिरून तिथेच.

जुना_कमिशनिंगवाला
पायलटपुरता बायपास लागतो, मेनला नाही. मेन उघडेपर्यंत पायलट सिद्ध झालेला असतो. तरी पीएलसीने नको तेव्हा बायपास दिला तर काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर वेगळा हार्डवेअर टायमर, आणि तुम्हाला ते पटणार नाही हे माहीत आहे.

वैदेही_इन्स्ट्रु
नाही पटत :)

मळी_बगॅस
मध्येच बोलतो. आमच्याकडे कोजनला ऑइलचे स्टार्टअप बर्नर आहेत, त्यांना यूव्ही आहे. एका सर्व्हिसवाल्याने सांगितलं की दिवसातून एकदा तरी बर्नर बंद करून चालू करा. खरं आहे का, की आपलं उगाच?

जुना_कमिशनिंगवाला
खरं आहे. यूव्ही ट्यूब म्हातारी झाली की कधी कधी ज्योत नसतानाही पेटलेलीच राहते. साध्या सेलची ही बिघाडाची दिशाच वाईट, अंधारातही 'ज्योत आहे' म्हणतो. स्टार्टच्या वेळी पर्जमध्येच ज्योत दिसली की कंट्रोलर पकडतो, पण चालू बर्नरमध्ये पकडायला मार्ग नाही. म्हणून चोवीस तासांत एकदा तरी बंद व्हावा असा दंडक. सलग चालणाऱ्या बर्नरला शटर असलेला स्वतःची तपासणी करणारा स्कॅनर लागतो, तो दर काही सेकंदांनी स्वतःचा डोळा झाकून अंधार दिसतो का बघतो.

टॉवेलवाला_सोलापूर
आमचा रोज रात्री एकदा बंद होतोच, म्हणजे तेवढं ठीक.

अपडेट: डॅम्परचा स्विच नवा बसवला, लूप काढला. पॅनलवाल्याला बोलावून लॉजिक बदललं. स्पार्क आता पाच सेकंदांनी बंद, पुढचे पाच सेकंद फक्त पायलट. वैदेहीताईंचं 'आधीच उघडा दिसला तर सुरू नको' तेही घातलं. काल कॉक बंद करून पुन्हा टेस्ट केली, दहाव्या सेकंदाला लॉकआउट, मेनला सप्लाय गेला नाही. मग कॉक उघडून, पायलट झरोक्यातून डोळ्याने बघून सुरू केला. पायलट 2.8 व्होल्ट. मेन लागला तेव्हा आवाज फक्त भस्सकन. दार हललं नाही.

T7 चं काय करू? पॅनलवाला म्हणतो तो आठ सेकंदच राहू दे, नाहीतर ट्रिप येतील.

पाना_पक्कड
हेच मी म्हणत होतो, डिले ठेवाच. आमचा दहा आहे.

जुना_कमिशनिंगवाला
पानासाहेब, तुमच्या दहाचं आधी बघू. बर्नर केवढा आहे?

पाना_पक्कड
तीन टन. डिझेलवर.

जुना_कमिशनिंगवाला
पूर्ण फायरला ताशी दोनशे लिटरच्या आसपास जात असेल. दहा सेकंद म्हणजे ज्योत विझल्यावर अर्ध्या लिटरहून जास्त डिझेल, फवारा होऊन, लाल तापलेल्या भट्टीत. तिथं त्याला पेटायला ठिणगीचीही गरज नाही, भिंतच पुरते. पण कधी पेटेल हे तुम्ही ठरवत नाही.

टॉवेलवाल्यांचं बघा. पूर्ण फायरला सेकंदाला 35 ग्रॅम. आठ सेकंद डिले म्हणजे 280 ग्रॅम. एनएफपीएची मर्यादा ज्योत गेल्यापासून चार सेकंद, युरोपात गॅस बर्नरला रिलेने एका सेकंदात ओळखायचं आणि वाल्वने आणखी एका सेकंदात बंद व्हायचं. दोन सेकंद धरले तर सत्तर ग्रॅम, चौपट कमी. फ्लेम रिलेत मुळातच सेकंदभराचा, काहींत दोन-तीन सेकंदांचा उशीर बांधलेला असतो. त्याच्या पुढे पीएलसीचा डिले लावायचा नाही. T7 शून्य.

मग ट्रिप येतील त्याचं काय? येऊ द्या. रोज फुकटची ट्रिप येत असेल तर सिग्नल कमी आहे, सेलची दिशा चुकली आहे, काच मळली आहे किंवा ज्योत बर्नरपासून उचलते आहे. ते शोधा. डिले लावल्याने ज्योत सुधारत नाही.

आणि एक, सेलपुढे साधी काच बसवू नका. साध्या काचेतून यूव्ही जात नाही, क्वार्ट्झ लागते. फुटलेली क्वार्ट्झ काढून कोणी खिडकीची काच कापून बसवली आणि मग सिग्नल येईना म्हणून डिले वाढवला, असं एका साइटवर मी स्वतः पाहिलंय.

पाना_पक्कड
दहा सेकंदांचा हिशोब कधी असा केला नव्हता. सोमवारी बंद आहे, तेव्हा बघतो. पण आमच्या कंट्रोलरमध्ये ट्रिप झाली की एकदा आपोआप पुन्हा सुरू होतो, ते तरी चालतं ना?

जुना_कमिशनिंगवाला
पूर्ण पर्ज घेऊन एकदाच होत असेल तर काही युरोपियन बर्नरना परवानगी असते. एनएफपीएच्या वळणावर बनलेल्यांना हाताने रिसेट हवाच. मी हाताचाच ठेवतो, माझी खोड समजा.

वैदेही_इन्स्ट्रु
माझ्या प्लांटमध्ये तासात दोनच रिसेट, मग चावी लागते आणि चावी शिफ्ट इंजिनीअरकडे. टॉवेलवाल्यांच्या पीएलसीत मोजणी घालणं सोपं आहे.

जुना_कमिशनिंगवाला
टॉवेलवाले, एक टेस्ट राहिली. पायलट 2.8 व्होल्ट देतोय हे आज. तो अशक्त झाल्यावरही मेन पेटवू शकतो का ते बघायचं. मेनचा कॉक बंद ठेवून पायलटचा गॅस कॉकने हळूहळू कमी करत जा, सिग्नल जेमतेम 1.25 ला टेकेपर्यंत. अजून थोडा कमी केला तर रिले पडायला हवा. मग जेमतेम टिकतो तिथं ठेवून मेन उघडा आणि ऐका. हा भाग बर्नरच्या माणसाला उभं करूनच करा, एकट्याने नको. मेन लगेच आणि शांत पेटला तर ठीक. उशीर झाला, धप्प वाजला तर सेल पायलटची अशी जागा बघतोय जिथून मेन पेटत नाही. मग सेलचा कोन बदलून पुन्हा पहिल्यापासून. जेवढा पायलट सेलला दिसतो तेवढ्याने मेन पेटलाच पाहिजे, नाहीतर हिरव्या दिव्याला अर्थ नाही.

टॉवेलवाला_सोलापूर
आज सर्व्हिसवाला आला होता, त्याच्यासमोर केली. पहिल्यांदा 1.3 ला मेन दोन सेकंद उशिरा पेटला, दणका छोटा पण होता. सेल वरून तिरका बसलेला, पायलटच्या बुडाकडे बघत होता, जिथं ठिणगीही आहे. त्याने ब्रॅकेट फिरवून टोकाकडे केला, जिथं पायलट मेनच्या गॅसला भिडतो. आता नुसत्या स्पार्कवर मीटर 0.2 दाखवतो. जेमतेम पायलटवर मेन लगेच पेटतो.

T7 शून्य केला. चालू बर्नरवर मेनचा कॉक बंद करून बघितलं: ज्योत गेल्यापासून दोन्ही वाल्वचा खटका दीड सेकंदात, आणि ब्लोअर तसाच चालू राहून पोस्ट पर्ज. दोन दिवसांत एकच ट्रिप आली, पहाटे चारच्या सुमारास. तेव्हा सिग्नल 1.4 पर्यंत उतरला होता असं अण्णांनी लिहून ठेवलंय. दिवसा मेनचा तोच सिग्नल 3 च्या वर असतो.

मालक पीएलसी काढून कंट्रोलर घ्यायला अजून तयार नाहीत. कोटेशन मागवलंय.

जुना_कमिशनिंगवाला
पहाटेची ट्रिप नोंदवली हे फार चांगलं. सिलिंडरची बॅटरी आहे की व्हेपोरायझर?

रात्रपाळी
सिलिंडरच हायत. व्हेपोरायझर नाय. पहाटं खालच्या दोन सिलिंडरवर बर्फ धरतो.

जुना_कमिशनिंगवाला
मग रेग्युलेटरच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही गेजचे आकडे रात्री बारा, दोन, चार आणि सहाला लिहा, शेजारी सिग्नलचे व्होल्ट. किती सिलिंडर एका वेळी उघडे असतात तेही लिहा. गार पडलेल्या सिलिंडरमधून ओढ पुरत नसेल तर आकडे सांगतील, नसेल तर दुसरीकडे शोधू.

रात्रपाळी
आजपास्नं लिहितो. चार सिलिंडर उघडे असतेत, कधी तीन.